पिकल्या पानाचें मनोगत

श्रोतेहो, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत रुग्ण पाहण्यासाठीं घरोघर हिंडतांना एक जुनी ट्रंक मीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली आहे. तिच्या तळाशीं एखादें कोरें लुगडें घडी घालून ठेवलेलें असतें, त्याच्या पदरांत कांहीं नोटा बांधलेल्या असतात आणि शेजारीं तोंड बंद केलेला गंगाजलाचा लहानसा गडू असतो. ही सामग्री कशासाठीं जपली आहे हें घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक असतें. फक्त त्याविषयीं कोणी बोलत नाहीं. आजीनें आपल्या शेवटच्या प्रवासाचें वस्त्र कोणतें असावें हें ठरवून ठेवलेलें असतें. परंतु त्या वस्त्राची वेळ येण्यापूर्वींचे जे आठ-पंधरा दिवस असतात, ते कोठें आणि कसे जावेत, याविषयीं तिला कोणीं विचारलेलें नसतें.

आज मला बोलावयाचें आहे तें याच दिवसांविषयीं. आपणांपैकीं कित्येकजण डोंबिवली, ठाणें, दादर अशा ठिकाणीं राहतात आणि आईवडील मात्र गांवच्या घरीं असतात. एके रात्रीं फोन येतो, वडिलांचा श्वास लागला आहे, आणि पुढच्या दोन तासांत जे निर्णय घेतले जातात ते घाईचे, भीतीचे आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी मर्जीचे असतात. ज्यांचा तो देह, त्यांची मर्जी काय होती हें सांगण्यासारखा घरांत एकही माणूस नसतो. ही मर्जी सावकाशीनें, दुखापत न करतां, वेळेवर कशी विचारून घ्यावी, हें एका घराच्या उदाहरणानें सांगावें असें मीं योजिलें आहे. त्या कुटुंबाच्या संमतीनें मी हें बोलत आहें. नांवें अर्थातच सांगत नाहीं.

किन्हवलीच्या बाजूचें एक गांव. आबांचें वय शहात्तर. सारा जन्म भातशेतींत गेला, विडी पन्नास वर्षें ओढली, आणि तिचा हिशेब फुफ्फुसांनीं पुरा करून घेतला. श्वासनळ्या कायमच्या आकसल्या होत्या. ओटीवरून परसांत जाऊन येईपर्यंत त्यांना दोनदां थांबावें लागे. त्याआधींच्या वर्षांत दोन वेळां त्यांना रुग्णालयांत ठेवावें लागलें. पहिल्या वेळीं शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयांत प्राणवायू आणि औषधें यांवर भागलें. दुसऱ्या वेळीं मुलानें घाबरून त्यांना शहरांतील एका खाजगी रुग्णालयांत नेलें. तेथें घशांत नळी घालून त्यांना सहा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवण्यांत आलें. ते वांचले, घरीं आले, पण अंगांत पूर्वींची शक्ति कांहीं परत आली नाहीं.

थोरला मुलगा डोंबिवलीस नोकरीला. आसनगांवला गाडींतून उतरून जीपनें गांवीं जाण्याचा त्याचा दर शनिवारचा क्रम. एके दिवशीं तो मजकडे आला आणि म्हणाला, "डॉक्टर, तिसऱ्या वेळीं असं झालं तर काय करायचं, हे आबांना विचारायला हवं. पण विचारायचं कसं? माझी जीभच उचलत नाही."

मीं त्याला उलट विचारलें, "आबा स्वतः कधीं या विषयावर बोलले आहेत का?"

तो म्हणाला, "छे! कधींच नाहीं." मग थोडें थांबून तो म्हणाला, "म्हणजे, तसं म्हणतात मधूनमधून. पिकलं पान, कधीं गळेल सांगतां येत नाहीं, असं कांहींतरी."

"मग तुम्ही काय म्हणतां?"

"मी म्हणतों, आबा, असं अभद्र बोलूं नका. तुम्हांला शंभर वर्षं आयुष्य आहे."

श्रोतेहो, सगळी अडचण या दोन वाक्यांत आहे. दार आपल्याला उघडावयाचें नसतें. तें आईवडील स्वतःच अधूनमधून किलकिलें करीत असतात. लावून घेतों आपण, आणि तेंही प्रेमानें. शेजारच्या आळींत कोणाचें दहावें झालें म्हणजे म्हातारा म्हणतो, "सुटला बिचारा, फार हाल झाले." लावणीच्या वेळीं म्हणतो, "पुढच्या आषाढांत मी असेन-नसेन." म्हातारी ट्रंक उघडून सुनेला लुगडें दाखवते. ही तक्रार नसते आणि निराशाही नसते. तें बोलावणें असतें. "शंभर वर्षें जगाल" असें उत्तर मिळालें कीं म्हातारा माणूस समजून जातो कीं आपल्या लेकराला हें ऐकवत नाहीं; आणि लेकराला त्रास नको म्हणून तो पुन्हां तो विषय काढीत नाहीं.

म्हणून मीं त्या मुलाला एवढेंच सांगितलें कीं, आपण होऊन विषय काढूं नका; पण पुढल्या खेपेस आबांनीं काढला कीं बंद मात्र करूं नका. त्यांचाच शेवटचा शब्द घेऊन प्रश्न विचारा, आणि मग गप्प बसा. हें गप्प बसणेंच कठीण असतें. वृद्ध माणसाला उत्तर जुळवावयास वेळ लागतो, आणि आपण त्या शांततेला घाबरून मध्येंच दुसरें कांहींतरी बोलतों.

संधि लवकरच आली. भावकींतले एक गृहस्थ वारले. त्यांच्या दहाव्याहून परत आल्यावर आबा ओटीवर बसले आणि म्हणाले, "त्याचं बरं झालं. घरांत गेला." मुलानें या वेळीं विचारलें, "घरांत गेला तें बरं झालं, असं तुम्हांला कां वाटतं, आबा?" आणि तो थांबला. बऱ्याच वेळानें आबा म्हणाले, "मरणाचं मला भय नाय रे. पण त्या नळीनं माझं बोलणं गेलं. हात खाटेला बांधले होते. तुझी आय काचेपलीकडं उभी, आन् मला तिला हाक मारतां येईना. तसं पुन्हा नको."

मुलगा मला हें सांगतांना रडला. सहा दिवसांच्या त्या उपचाराला घरांतील सगळे 'आबा वांचले' असें म्हणत होते. आणि आबांच्या मनांत त्या सहा दिवसांची एकच आठवण होती, ती म्हणजे हाक मारतां न येण्याची. घशांत नळी असलेल्या रुग्णाला बोलतां येत नाहीं, आणि गुंगींत त्यानें ती उपसूं नये म्हणून कांहीं ठिकाणीं हात बांधले जातात. डॉक्टरांना ही गोष्ट रोजची असते. ज्याच्यावर ती गुदरते त्याला ती मरणाहून मोठी वाटूं शकते.

त्या दिवशीं याहून अधिक बोलणें झालें नाहीं, आणि तें योग्यच झालें. एका बैठकींत सर्व कांहीं उरकण्याचा प्रयत्न केला कीं वडिलांना वाटतें, मुलगा कागद पुरे करावयास आला आहे. पहिल्या दिवशीं एवढें कळलें तरी पुष्कळ कीं, यांना भय कशाचें आहे आणि कशावांचून जगणें यांना जगणें वाटत नाहीं. कोणाला वेदनेचें भय असतें, कोणाला अंथरुणांत परावलंबी होण्याचें, कोणाला जमीन गहाण पडण्याचें. पुढचा प्रत्येक निर्णय या एका उत्तरावर टेकतो.

दुसरें बोलणें आईशीं झालें, आणि तें वेगळें व्हावें असा माझा आग्रह होता. नवऱ्यासमोर ती "ते म्हणतील तसं" यापलीकडे गेली नसती. चुलीपाशीं भाकऱ्या थापतांना ती मुलाला म्हणाली कीं, त्यांना पुन्हां नळी नको हें तिलाही पटतें. पण घरींच ठेवलें आणि रात्रीं श्वास लागला तर ती एकटी काय करणार? आणि दुसरें असें कीं, "लोक म्हणतील, मुलांनी पैसा राखला, बापाला सलाईनसुद्धां लावलं नाहीं."

हें सलाईनचें प्रकरण आमच्या भागांत फार मोठें आहे. बाटली टांगली म्हणजे उपचार झाला आणि न टांगली म्हणजे हयगय झाली, अशी लोकांची समजूत आहे. वास्तविक शेवटच्या दिवसांत शरीर पाणी वापरूं शकत नाहीं. टांगलेलें पाणी कित्येकदां पायांत उतरतें, फुफ्फुसांत सांचतें आणि श्वासाची घरघर वाढवितें. अन्नाचेंही तसेंच. माणूस खात नाहीं म्हणून मरणाकडे जात नसतो. देह मिटूं लागलेला असतो म्हणून भूक जाते. अशा वेळीं जबरीनें भरविलेला पेजेचा घोट श्वासनलिकेंत जाण्याचा धोका असतो. ओठ आणि जीभ ओल्या कापसानें वरचेवर भिजवीत राहणें, मागितला तर चमचाभर चहा किंवा पाणी देणें, एवढ्यानें कोरड शमते. आईची ही भीति खोटी नव्हती. फक्त ती आधीं बोलली गेली म्हणून तिचें उत्तर आधीं देतां आलें. लोकांना काय सांगावयाचें हेंही घरच्यांचें ठरलें: "आबांची इच्छा होती, आणि डॉक्टर येत होते."

तिसऱ्या बैठकीला मी गेलों. माझें काम सल्ला देण्याचें नव्हतें. पुढें कोणते रस्ते आहेत आणि प्रत्येक रस्ता कोठें जातो हें सांगण्याचें होतें. मीं आबांना म्हटलें, "तुमच्या फुफ्फुसांची ही व्याधि बरी होणारी नाहीं. ती थांबते, पुन्हां वाढते. पुढल्या खेपेस तीन गोष्टी करतां येतात." पहिली, घरींच राहून औषधें आणि प्राणवायूचें यंत्र. दुसरी, शहापूरला जाऊन नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा लावणें. त्यांतून यंत्र जोरानें हवा देतें, पण घशांत नळी नसते. मुखवटा थोडा वेळ काढून बोलतां येतें, पाणी पितां येतें. अशा रोगांत तो बरेचदां उपयोगी पडतो, आणि पडणार कीं नाहीं हें बहुधा दोन-तीन दिवसांत कळतें. तिसरी, शहरांतील अतिदक्षता विभाग आणि पुन्हां नळी. तिच्यानें या खेपेसही जीव वांचूं शकेल. पण फुफ्फुसें इतकीं थकलीं असतां नळी काढतांच न येण्याचा संभव मोठा, आणि मग गळ्याला छेद देऊन तेथून श्वास द्यावा लागतो.

आबांनीं सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मुखवट्यानं नाहीं जमलं तर मला गुदमरून मरायला लागंल का?" हा प्रश्न पुष्कळांच्या मनांत असतो आणि फार थोडे तो विचारतात. मीं सांगितलें कीं, नाहीं. श्वासाची तगमग कमी करण्यास मॉर्फिन हें औषध अगदीं अल्प मात्रेंत तोंडावाटे देतां येतें. योग्य मात्रेंत दिलें तर तें मरण ओढून आणीत नाहीं. धाप लागल्याची जाणीव तेवढी मंदावते. पहिले एक-दोन दिवस झोंप येते आणि मलावरोध हमखास होतो, म्हणून त्याबरोबर रेचक द्यावेंच लागतें. शिवाय उशांना टेकून पुढें झुकून बसविणें आणि पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर घेणें यांनींही धाप खरोखर कमी होते. आबा म्हणाले, "मग मुखवट्यापर्यंत चालंल. नळी नको. मुखवट्यानं नाय भागलं तर मला वटीवर आणून ठेवा."

येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. मॉर्फिन गांवच्या औषधांच्या दुकानांत मिळत नाहीं. २०१४ सालीं अमली पदार्थांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना तें ठेवणें सोपें झालें. तरीही आमच्या तालुक्यांतल्या रुग्णासाठीं तें ठाणें-मुंबईकडील अशा एखाद्या संस्थेंतून आधींच आणून ठेवावें लागतें. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे. कर्करोगाच्या रुग्णांना तेथून मार्गदर्शन मिळतें. प्राणवायूचें घरगुती यंत्र विजेवर चालतें, आणि पावसाळ्यांत गांवची वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. म्हणून भरलेलें एक नळकांडें हाताशीं हवें. "घरीं ठेवा" ही इच्छा सांगणें सोपें आहे. ही तयारी नसली तर मध्यरात्रीं ती टिकत नाहीं. घाबरलेलें कोणीतरी १०८ क्रमांकावर फोन करतें, गाडी येते, आणि जीव वांचविण्याचें आपलें कर्तव्य ती माणसें करणारच. त्यांत त्यांचा दोष नाहीं.

चौथी बैठक सर्व भावंडांची. सरळगांवच्या बाजूला दिलेली मुलगी आली, धाकटा मुलगा पुण्याहून आला नाहीं. तो फोनवर होता. प्रश्न एकच होता: आबांना बोलतां येईनासें झालें तर त्यांच्या वतीनें कोणीं बोलावयाचें? सर्वांनीं थोरल्याकडे पाहिलें. आबांनीं मात्र मुलीचें नांव घेतलें. म्हणाले, "हा हळवा हाय. आयत्या वेळीं हा नळी घाला म्हणंल. ती माझं ऐकंल." थोरल्याला क्षणभर लागलें, आणि मग त्याचा चेहरा हलका झाल्याचें मीं पाहिलें. आपल्या वतीनें बोलणारा माणूस निवडावयाचा तो सर्वांत वडील म्हणून किंवा सर्वांत लाडका म्हणून नव्हे. जो स्वतःचें दुःख बाजूला ठेवून आपलें वाक्य जसेंच्या तसें सांगूं शकेल, तो.

हा प्रश्न किती खोल आहे हें आपल्या मुंबईनेंच देशाला दाखविलें आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं हल्ला झाला आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजीं मृत्यु येईपर्यंत त्या शुद्धीवर अशा आल्याच नाहींत. त्यांना अन्न देणें थांबवावें असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनीं केला, तेव्हां २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयाला आधीं हेंच ठरवावें लागलें कीं, अरुणाताईंच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणाचा? न्यायालयानें तो इतकीं वर्षें त्यांची शुश्रूषा करणाऱ्या के. ई. एम.च्या सेवकवर्गाला दिला, आणि त्यांची इच्छा शुश्रूषा चालू ठेवण्याची होती. अरुणाताईंची स्वतःची इच्छा काय असती, हें सांगणारा कागद कोठेंच नव्हता. त्या वयांत तो असणार तरी कसा?

आज असा कागद करतां येतो. ९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सन्मानानें मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कांतच येतो असें मानून असल्या पूर्वसूचनेला मान्यता दिली. लोक तिला 'लिव्हिंग विल' म्हणतात. पहिले नियम इतके अवघड होते कीं, दंडाधिकाऱ्यासमोर सही करावी लागे. २४ जानेवारी २०२३ रोजीं ते सोपे करण्यांत आले. आतां शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसानें स्वखुषीनें लिहावें, दोन साक्षीदारांसमोर सही करावी, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांनीं ती प्रमाणित करावी, एवढें पुरतें. आपल्या वतीनें बोलणाऱ्या एका किंवा अधिक माणसांचीं नांवें त्यांत घालावीं लागतात. एक प्रत त्यांना, एक घरच्या डॉक्टरांना आणि एक स्थानिक संस्थेंतील नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यावयाची. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनीं यासाठीं उच्च न्यायालयांत याचिका केल्यावर महाराष्ट्रांत असे अधिकारी नेमण्यांत आले. प्रत देण्यापूर्वीं आपल्या भागाचा अधिकारी कोण, याची चौकशी करून घ्यावी.

या कागदाची मर्यादाही समजून घ्यावी. माणूस शुद्धींत आहे तोंवर त्याचा तोंडी शब्दच शेवटचा. कागद त्याच्यावर बंधन घालीत नाहीं, आणि तो केव्हांही लेखी रद्द करतां किंवा बदलतां येतो. शुद्ध हरपल्यावरही तो दाखवितांच यंत्र बंद होत नाहीं. रुग्णालयांतील तीन डॉक्टरांचें एक मंडळ आणि जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानें नेमलेल्या डॉक्टरासह दुसरें मंडळ, अशा दोघांनीं रोग बरा होण्याची आशा नाहीं असें मान्य करावें लागतें. प्रत्येकानें तो विचार शक्यतों अठ्ठेचाळीस तासांत करावा असा नियम आहे. आणि विष देऊन किंवा टोंचून मरण आणणें याला आपल्या कायद्यांत मुळींच थारा नाहीं. जो उपचार नको तो न घेणें, एवढेंच या कागदाचें क्षेत्र आहे.

आबांचा कागद दीड पानाचा झाला. मुलीनें तो त्यांच्याच शब्दांत लिहिला. "मला बोलतां आलें पाहिजे. मुखवटा चालेल. घशांत नळी नको. उपयोग होत नसेल तर घरीं आणा. धाप कमी करण्याचें औषध द्या, गुंगी आली तरी चालेल." शहापुरांत नोटरीपुढें सही झाली. प्रत ट्रंकेंत, त्या गडूच्या शेजारीं ठेवली. दारामागें एक चिठ्ठी चिकटविली: रात्रीं धाप लागली तर आधीं काय द्यावयाचें, कसें बसवावयाचें, माझा नंबर, आशाताईंचा नंबर.

पुढल्या माघांत थंडी पडली आणि ती वेळ आली. ठरल्याप्रमाणें शहापूरला नेलें, मुखवटा लावला. पहिल्या दिवशीं जरा बरें वाटलें. तिसऱ्या दिवशीं रक्तांतील दूषित वायु वाढतच आहे असें दिसलें आणि आबांना ग्लानि येऊं लागली. त्याच दुपारीं धाकटा मुलगा पुण्याहून पोहोंचला आणि दारांतूनच ओरडला, "इथं कशाला ठेवलंय? ठाण्याला न्या, नळी घाला, पैसे मी देतों!"

असा प्रसंग जवळजवळ प्रत्येक घरांत येतो. दूर राहणाऱ्याला मागचे महिने ठाऊक नसतात, आणि आपण जवळ नव्हतों याचें शल्य त्याला मोठ्यानें बोलावयास लावतें. त्याच्याशीं वाद घालून उपयोग नसतो. बहिणीनें वाद घातला नाहीं. तिनें कागद काढला आणि बापाचीं वाक्यें त्याला वाचून दाखविलीं. मग ती म्हणाली, "दादा नको म्हणत नाहींय, मी नको म्हणत नाहींय. आबा नको म्हणतायत." धाकटा खालीं बसला. संध्याकाळीं त्यानेंच बापाला उचलून गाडींत ठेवलें.

आबा त्यानंतर पांच दिवस घरीं होते. मॉर्फिनचे थेंब चार-चार तासांनीं मुलगी देत होती. धाप मंद झाल्यावर दोन दिवस ते थोडेंथोडें बोलले. बायकोला जवळ बोलावून त्यांनीं काय सांगितलें तें तिचें तिलाच ठाऊक. तिसऱ्या दिवसापासून झोंप वाढली. चौथ्या रात्रीं घशांत घरघर सुरू झाली. ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते; पण झोंपेंतल्या माणसाला बहुधा तिचा त्रास होत नाहीं, आणि कुशीवर वळविल्यानें ती कमी होते. हें आधीं सांगितलेलें असल्यामुळें कोणीं घाबरून फोन केला नाहीं. पांचव्या दिवशीं पहांटे ओटीवर त्यांचा श्वास थांबला. मीं जाऊन मृत्यूच्या कारणाचा दाखला दिला आणि एकवीस दिवसांच्या मुदतींत ग्रामपंचायतींत नोंद झाली.

सगळ्या घरीं हें इतकें सरळ जात नाहीं. कांहीं आईवडील खरोखरच या विषयावर बोलूं इच्छीत नाहींत, तीन-चार वेळां दार किलकिलें करूनही आंतून साद आली नाहीं, तर त्यांच्या मौनाचा मान राखावा आणि इतकेंच विचारावें कीं, "वेळ आली तर तुमच्या वतीनें कोणीं ठरवावं?" एवढें एक नांव मिळालें तरी पुरे. जेथें विस्मरणाचा रोग सुरू झाला आहे तेथें मात्र वाट पाहूं नये. स्मृति शाबूत असतांनाच्या सकाळच्या वेळा त्यासाठीं वेंचाव्या. आणि कोणी "सर्व कांहीं करा, शेवटपर्यंत लढा" असें म्हणालें तर तीही इच्छाच आहे. ती तितक्याच आदरानें लिहून घ्यावी. आपल्याला हवें तें उत्तर मिळविण्यासाठीं हा प्रश्न विचारावयाचा नसतो.

तेव्हां येत्या सुटींत आपण गांवीं जाल आणि संध्याकाळीं ओटीवर बसलां असतां वडील म्हणतील, "आमचं काय, पिकलं पान," तेव्हां "असं बोलूं नका" हे शब्द ओठांवर येतील. ते गिळून टाकावे, आणि विचारावें, "तसं तुमच्या मनांत काय येतं?" मग गप्प बसून ऐकावें.